मोटार तापते केव्हा, निवते केव्हा

दहा अश्वशक्तीची, म्हणजे 7.5 किलोवॅटची मोटार विहिरीवरच्या पंपाला जोडली आणि पंप तिच्याकडून सतत दहा किलोवॅट ओढू लागला, तर ती मोटार फार दिवस टिकत नाही. पहिल्या अर्ध्या तासातच तिच्या वाइंडिंगचं तापमान मर्यादेपलीकडे जातं. तीच मोटार कोल्हापूरकडच्या एखाद्या फाउंड्रीत क्रेनच्या हॉइस्टवर बसवली, तर मात्र दहा किलोवॅटचाच भार ती दिवसभर, वर्षानुवर्षं उचलू शकते. मोटार तीच, भार तोच. फरक एवढाच, की पंप थांबत नाही आणि क्रेन थांबते. साचा उचलला, नेला, ठेवला, मग पुढच्या साच्यापर्यंत हॉइस्ट गप्प उभा राहतो.

‘मध्ये विश्रांती मिळते म्हणून चालतं’ हे कारखान्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. पण किती विश्रांती पुरते, हा प्रश्न बहुतेकदा अंदाजावर सोडला जातो आणि तिथंच मोटारी जळतात. कारण मोटारीची विश्रांतीची दहा मिनिटं आणि कामाची दहा मिनिटं यांचं मोल सारखं नसतं. हे नीट समजायचं तर मोटार तापते कशी, इथून सुरुवात करावी लागेल.

मोटारीला दिलेली सगळी वीज शाफ्टवर पोचत नाही. 7.5 किलोवॅटच्या साध्या मोटारीची कार्यक्षमता 88 टक्के धरली, तर पूर्ण भारावर साधारण एक किलोवॅट आतच उष्णता होऊन राहते. घरातली एक किलोवॅटची इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखी ही उष्णता तांब्याच्या वाइंडिंगमध्ये आणि लोखंडी गाभ्यात निर्माण होत असते. यातला मोठा वाटा वाइंडिंगमधून वाहणाऱ्या करंटचा, आणि तो करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. करंट दुप्पट झाला की तांब्यातली उष्णता चौपट होते. थोडा जादा भारही मोटारीला जड का जातो, त्याचं कारण या वर्गात आहे.

ही उष्णता सुरुवातीला बाहेर पडत नाही. मोटार थंड असते, तिच्यात आणि हवेत तापमानाचा फरकच नसतो, त्यामुळे सगळी उष्णता धातूत साठते. ही मोटार सुमारे 70 किलोची. लोखंड-तांब्याचं एवढं वजन एक अंशाने तापवायला 32 किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते. एक किलोवॅट म्हणजे सेकंदाला एक किलोज्यूल. तेव्हा पहिल्या मिनिटात मोटार जेमतेम दोन अंशांनी तापते. पुढे ती जसजशी हवेपेक्षा गरम होते, तसतशी तिच्या पंख्याने ढकललेली हवा बाहेरच्या फासळ्यांवरून उष्णता ओढून नेऊ लागते. तापवाढीचा वेग मंदावतो. शेवटी एक वेळ अशी येते की जेवढी उष्णता तयार होते, तेवढीच बाहेर जाते, आणि तापमान स्थिरावतं.

तळाशी भोक असलेल्या टाकीत नळ सोडला तर असंच होतं. पाणी चढतं, पाण्याची उंची वाढली की भोकातून जोराने गळतं, आणि आवक-जावक जुळली की पातळी थांबते. नळ म्हणजे मोटारीतली उष्णता, पातळी म्हणजे तापमान, भोक म्हणजे हवेची थंडाई. टाकी रुंद असेल तर भरायला वेळ लागतो, भोक मोठं असेल तर पातळी कमी उंचीवर पण लवकर स्थिरावते.

या ‘किती वेळ लागतो’ याचं मोजमाप म्हणजे मोटारीचा टाइम कॉन्स्टंट. मोटारीची उष्णता साठवण्याची क्षमता भागिले उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, असा तो निघतो. आपल्या मोटारीचं एकूण धड पूर्ण भारावर सरासरी साठ अंशांनी तापतं असं धरलं, तर तिला दर अंशाला सुमारे 17 वॅट बाहेर टाकावे लागतात. 32 हजार ज्यूलला 17 ने भागलं की 1,900 सेकंद, म्हणजे जवळपास अर्धा तास. याचा अर्थ असा, की अंतिम तापवाढीचा 63 टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासात गाठला जातो, तासाभरात 86 टक्के, दीड तासात 95 टक्के. लहान मोटारीचा टाइम कॉन्स्टंट यापेक्षा कमी, मोठ्या बंदिस्त मोटारीचा तासाच्याही पुढे असू शकतो.

आता मर्यादा कशाची, तेही पाहून घेऊ. लोखंड-तांब्याला शंभर-दीडशे अंशांनी काही होत नाही. बिघडतं ते तारेवरचं एनॅमल, खाचेतला कागद आणि वार्निश. या इन्सुलेशनचे वर्ग ठरलेले आहेत. बी वर्गाला 130 अंश, एफ वर्गाला 155, एच वर्गाला 180. भोवतालची हवा 40 अंश धरून बी वर्गाच्या वाइंडिंगला 80 अंशांची तापवाढ चालते, आणि उरलेले दहा अंश वाइंडिंगच्या सर्वांत गरम कोपऱ्यासाठी राखलेले असतात. मर्यादा ओलांडली की मोटार त्याच क्षणी जळते असं नाही. इन्सुलेशन हळूहळू ठिसूळ होतं. दर दहा अंशांच्या जादा तापमानाला त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा ढोबळ पण उपयोगी हिशोब मोटारवाले वापरतात. म्हणूनच थोडा वेळ मर्यादेजवळ जाण्याने आकाश कोसळत नाही, आणि म्हणूनच रोज थोडं ओलांडण्याची किंमत दोन-तीन वर्षांनी रिवाइंडिंगच्या बिलात दिसते.

आता क्रेनकडे येऊ. आपली 7.5 किलोवॅटची मोटार दहा किलोवॅट उचलते आहे. भार 1.33 पट, म्हणून उष्णता त्याच्या वर्गाइतकी, 1.78 पट. (गाभ्यातली उष्णता भाराबरोबर वाढत नाही, त्यामुळे हा आकडा थोडा चढाच आहे, पण चूक झालीच तर सुरक्षित बाजूची होते.) पूर्ण भारावर 80 अंशांची तापवाढ असेल, तर या भारावर सतत चालवल्यास ती 142 अंशांपर्यंत जाईल. पण तिथं पोचायला वेळ लागतो. अर्ध्या तासाचा टाइम कॉन्स्टंट धरला तर थंड मोटार 80 अंशांची वाढ गाठायला 25 मिनिटं घेते. पंपवाल्याची मोटार इथंच मर्यादेबाहेर जाते.

क्रेन मात्र चार मिनिटं उचलते आणि सहा मिनिटं थांबते. पहिल्या चार मिनिटांत मोटार साधारण 18 अंशांनी चढते, मग सहा मिनिटं निवते, पुन्हा चार मिनिटं चढते. आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखी रेष दिसते, आणि ती रेष हळूहळू वर सरकत एका पातळीवर स्थिरावते. ती पातळी कुठली, यावर सगळं अवलंबून आहे.

बऱ्याच ठिकाणी इथं सरासरीचा सोपा हिशोब करतात. दहाचा वर्ग शंभर, त्याला दहापैकी चार मिनिटं, म्हणजे चाळीस, त्याचं वर्गमूळ 6.3. मोटार 7.5 ची आहे, म्हणजे भरपूर राखीव आहे, असं म्हणून फाइल बंद होते. हा हिशोब मोटार जितक्या वेगाने तापते तितक्याच वेगाने निवते असं गृहीत धरतो. ते खरं असतं तर करवतीचा शेंडा 63 अंशांच्या आसपास थांबला असता आणि आपण निश्चिंत झोपलो असतो.

पण नेहमीच्या बंदिस्त मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटार थांबली की पंखाही थांबतो. टाकीचं भोक नेमकं नळ बंद केल्यावर लहान होतं. उष्णता आता फक्त फासळ्यांवरून आपोआप वर चढणाऱ्या हवेने आणि किरणांनी जाते, आणि निवण्याचा टाइम कॉन्स्टंट तापण्याच्या दुपटीवर, कधी त्याहूनही वर जातो. आपल्या मोटारीसाठी तो एक तास धरू. आता सहा मिनिटांच्या विश्रांतीत मोटार 18 वरून जेमतेम 16 वर येते. दुसऱ्या फेरीत शेंडा 32 वर, तिसऱ्या फेरीत 43 वर, तासाभराने 64 वर, आणि दोन तासांनी तो 80 अंशांची मर्यादा गाठतो. पुढे तो 85 वर जाऊन स्थिरावतो. सोप्या हिशोबाने जी मोटार आरामात होती, ती प्रत्यक्षात मर्यादेच्या पाच अंश वर चालते आहे.

दुरुस्त हिशोब अवघड नाही. निवण्याचा टाइम कॉन्स्टंट दुप्पट असेल तर विश्रांतीची मिनिटं निम्मी मोजायची. सहाऐवजी तीन. मग शंभर गुणिले चार भागिले सात, म्हणजे 57, वर्गमूळ 7.56. मोटार 7.5 ची, म्हणजे अगदी काठावरून किंचित बाहेर. एवढ्याने करवतीच्या दातांच्या हिशोबाशी जवळजवळ मेळ बसतो. माझ्या मते क्रेन, लिफ्ट किंवा थांबत-चालत काम करणारं कुठलंही यंत्र निवडताना या एका दुरुस्तीइतकी स्वस्त काळजी दुसरी नाही, आणि तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

हाच भार अडीच मिनिटं काम आणि साडेसात मिनिटं विश्रांती असा दिला, तर शेंडा साठ अंशांवर थांबतो आणि मोटार बिनघोर चालते. आणि चार-सहाचीच फेरी ठेवून मोटारीवर स्वतंत्र विजेवर चालणारा पंखा बसवला, जो मोटार थांबली तरी फिरत राहतो, तर निवणं तापण्याइतकंच जलद होतं आणि शेंडा पुन्हा 63 वर येतो. छोट्या पंख्याने मोटारीचा एक आकार वाचतो, म्हणून जड कामाच्या हॉइस्टवर तो दिसतो.

नेमप्लेटवर छापलेली एस-1, एस-2, एस-3 ही अक्षरं याच हिशोबाचं लघुरूप आहेत. आयईसी 60034-1 या मानकात त्यांची व्याख्या आहे आणि भारतीय मानकानेही ती स्वीकारली आहे. एस-1 म्हणजे तापमान स्थिरावेपर्यंत सतत चालणारी मोटार. एस-2 म्हणजे ठरावीक वेळ, दहा, तीस, साठ किंवा नव्वद मिनिटं चालून मग पूर्ण निवेपर्यंत थांबणारी. एस-3 म्हणजे आपल्या क्रेनसारखी फेऱ्याफेऱ्यांची, आणि तिच्यासमोर 15, 25, 40 किंवा 60 टक्के असं लिहिलेलं असतं. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर फेरी दहा मिनिटांची धरतात, म्हणजे 40 टक्के म्हणजे चार मिनिटं काम. ही फेरीची लांबी विसरू नये. एक तास सलग काम आणि दीड तास विश्रांती यांतही कामाचा वाटा 40 टक्केच असतो, पण आपण पाहिलं, की दहा किलोवॅटवर ही मोटार पहिल्या 25 मिनिटांतच मर्यादा गाठते. विश्रांती कितीही मिळो, ती टाइम कॉन्स्टंटच्या मानाने वेळेवर मिळायला हवी.

एस-3 मध्ये आणखी एक अट लपलेली आहे, आणि क्रेनच्या बाबतीत ती फसवते. या वर्गात सुरू होतानाच्या करंटने तापमानात लक्षणीय भर पडत नाही असं धरलेलं असतं. साधी इंडक्शन मोटार थेट सुरू करताना पूर्ण भाराच्या सहापट करंट ओढते. सहाचा वर्ग छत्तीस. म्हणजे एका सेकंदाची सुरुवात तांब्याला छत्तीस सेकंद पूर्ण भारावर चालल्याइतकं तापवते. क्रेनचालक साचा नेमका बसवायला बटण टिचकी टिचकीने दाबतो. अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या दहा टिचक्या झाल्या, तर तीन मिनिटं पूर्ण भाराची उष्णता वाइंडिंगमध्ये गेली, आणि तेवढ्या वेळात मोटार धड फिरलीही नाही, पंख्याने हवाही दिली नाही. अशा कामासाठी एस-4 हा वेगळा वर्ग आहे, ज्यात तासाला किती वेळा सुरू होणार हेही सांगावं लागतं. जुन्या क्रेनवर स्लिपरिंग मोटारी असायच्या त्याचं एक मोठं कारण हेच. सुरू होतानाची उष्णता मोटारीबाहेर, केबिनजवळच्या रेझिस्टन्सच्या पेट्यांमध्ये जळायची. आता तेच काम व्हीएफडी करते, करंट चढूच न देता.

इथं अर्ध्या तासाच्या टाइम कॉन्स्टंटवर आंधळा भरवसा ठेवण्याचा धोका दिसतो. तो आकडा पूर्ण मोटारीचा आहे. वाइंडिंगमधलं तांबं त्या 70 किलोतला लहानसा भाग, आणि उष्णता आधी त्यातच तयार होते. भार माफक जादा असेल तर तांब्यातली उष्णता खाचेच्या इन्सुलेशनमधून लोखंडात झिरपत राहते आणि जड लोखंड ती पोटात घेतं. छोटा जादा भार सुरक्षित राहतो तो या लोखंडाच्या पोटामुळे. पण मोटार अडकली, फिरलीच नाही आणि सहापट करंट वाहू लागला, तर झिरपायला वेळच मिळत नाही. तांब्याचं तापमान सेकंदाला आठ अंशांच्या आसपास चढू शकतं, आणि आधीच गरम असलेली वाइंडिंग दहा-पंधरा सेकंदांत खलास होते. तेव्हा ‘थोडा वेळ जादा भार’ यातला थोडा वेळ भारावर ठरतो. दीडपट करंटला मिनिटं मिळतात, सहापट करंटला सेकंद. मानकानेही साध्या तीन फेजच्या मोटारीकडून दीडपट करंट दोन मिनिटं सोसण्याची अपेक्षा ठेवली आहे, त्याहून जास्त नाही.

उष्णतेशी संबंध नसलेली एक मर्यादाही आहे. प्रत्येक मोटारीचा एक कमाल टॉर्क असतो, त्याच्या पुढे गेल्यावर ती बसते. मानक किमान 1.6 पट टॉर्क पंधरा सेकंद मागतं, आणि बऱ्याच मोटारी दुपटीहून जास्त देतात. पण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी खाली आलं तर 1.6 चा 1.3 होतो, आणि आपल्या क्रेनला हवा आहे 1.33. जिथं संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथं जादा भाराचा हिशोब करताना आधी हा आकडा तपासावा, तापमान नंतर.

भोवतालच्या हवेचंही तसंच. सगळे आकडे 40 अंशांच्या हवेसाठी आहेत. विदर्भात मे महिन्यात सावलीतच 45 असतात. फाउंड्रीत छताखाली, वितळलेल्या धातूच्या भट्टीवरून जाणाऱ्या क्रेनजवळ हवा 55 अंशांवर गेली, तर 85 ची तापवाढ धरून 140, आणि गरम कोपऱ्याचे दहा मिळून 150 होतात. बी वर्गाची मोटार त्यात मरते. एफ वर्गाची 155 च्या आत राहते, पण पाच अंशांनीच. सध्याच्या बऱ्याच मोटारी एफ वर्गाच्या इन्सुलेशनच्या असून बी वर्गाच्या तापवाढीवर चालवायच्या म्हणून विकल्या जातात. त्या दोन वर्गांमधला फरक हीच आपल्या क्रेनची खरी पुंजी आहे. तो उन्हाळ्यासाठी राखायचा की भार वाढवायला खर्चायचा, हे एकदाच ठरवता येतं.

हे सगळं प्रत्यक्ष तपासायचं कसं? हात लावून नव्हे. पूर्ण भारावरच्या निरोगी मोटारीचं धड सत्तर अंशांवर असू शकतं आणि त्यावर हात ठरत नाही. उलट अडकलेल्या मोटारीचं धड कोमट असताना आत वाइंडिंग जळत असते. खात्रीचा मार्ग म्हणजे वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजणं. सकाळी, रात्रभर थंड झालेल्या मोटारीचा मोजायचा आणि हवेचं तापमान टिपायचं. दोन-तीन तासांच्या कामानंतर वीज तोडून, लॉक करून लगेच पुन्हा मोजायचा. तांब्यासाठी नियम असा, की थंड तापमानात 235 मिळवायचे, रेझिस्टन्स जितक्या पट वाढला तितक्याने गुणायचे, आणि 235 वजा करायचे. सकाळी 30 अंशांना एक ओहम होता आणि नंतर 1.3 झाला, तर 265 गुणिले 1.3 वजा 235, म्हणजे वाइंडिंग सरासरी 109 अंशांवर आहे. मोटार थांबवून ठेवून दर दहा मिनिटांनी हेच मोजत गेलं, की तिचा निवण्याचा टाइम कॉन्स्टंटही हाती येतो. तापवाढ 37 टक्क्यांवर यायला लागलेला वेळ, तोच तो.

राहिला ओव्हरलोड रिले. त्यातली बायमेटल पट्टी मोटारीच्या करंटनेच तापते, पण ती काही ग्रॅमची, मोटार 70 किलोची. पट्टीचा टाइम कॉन्स्टंट मोटारीपेक्षा फार लहान असतो. म्हणून थांबत-चालत कामात रिले दोन्ही बाजूंनी चुकतो. मोटार अजून थंड असताना, जादा भाराच्या चार मिनिटांतच तो ट्रिप होतो. मग कुणीतरी पेचकस घेऊन सेटिंग वाढवतं, आणि त्या क्षणापासून मोटारीला खरं संरक्षण राहत नाही. उलट मोटार पूर्ण तापलेली असताना ट्रिप झाला, तर पट्टी दोन-तीन मिनिटांत निवते, रिसेट बसतो, आणि चालक तापलेल्या वाइंडिंगवर पुन्हा भार टाकतो. मोटार निवायला एक तास मागत असते, रिले तिला तीन मिनिटं देतो. तीन-चार वेळा रिसेट केल्यानंतर मोटार जळाली, अशी कथा प्रत्येक रिवाइंडिंगवाल्याकडे आहे, आणि जळालेल्या वाइंडिंगच्या तिन्ही फेज एकसारख्या काळ्या दिसल्या की तो न विचारता ओळखतो.

यावर उपाय म्हणजे तापमान जिथं आहे तिथंच मोजायचं. वाइंडिंग भरतानाच तिन्ही फेजमध्ये एकेक पीटीसी थर्मिस्टर बांधतात. मण्याएवढा हा तुकडा ठरलेल्या तापमानाला आपला रेझिस्टन्स एकदम कित्येक पटींनी वाढवतो आणि पॅनेलमधला छोटा रिले कॉन्टॅक्टर तोडतो. मोटार खरोखर निवेपर्यंत तो पुन्हा जोडत नाही, पंखा चालो की न चालो, हवा 30 अंश असो की 55. अडकलेल्या मोटारीत मात्र तांबं इतकं झपाट्याने तापतं की थर्मिस्टर मागे पडतो, तिथं बायमेटलच कामाला येतो. म्हणून क्रेनच्या मोटारीवर दोन्ही हवेत, आणि थर्मिस्टर बसवायचा असेल तर तो मोटार मागवतानाच किंवा रिवाइंड करतानाच सांगावा लागतो. वार्निश सुकल्यावर खाचेत तो घुसवता येत नाही.